परातीतली वाळू

माऊली स्वतःच्या उजव्या हाताला डाव्या हातानं मारत होता. रडत नव्हता. एखाद्या खोडकर पोराला शिक्षा करावी तसा, ओठ मिटून, मनगटावर फटके देत होता आणि मधूनमधून म्हणत होता, "ह्याला येतच न्हाई. ह्याला कायबी येत न्हाई."

शिवकन्या दूध उतू जाईल म्हणून नुसती गॅसपाशी गेली होती. परत आली तर हे. पोरासमोर चार रेघांची वही उघडी होती. पानावर छोट्या 'a'ची एक ओळ होती आणि दुसऱ्या ओळीत पेन्सिल इतकी रुतली होती की कागद फाटून खालचं पान दिसत होतं.

तिनं त्याचा हात धरला. मनगट लाल झालं होतं.

"मम्मी," माऊलीनं विचारलं, "पप्पा मोटारीचा पट्टा बदलतेत, तसा हात बदलता येतो का?"

तो गंमत करत नव्हता. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. शिवकन्यानं वही मिटली, फडताळात वर टाकली आणि पोराला मांडीवर घेऊन दूध पाजलं.

माऊलीला चार वर्षं नुकतीच पूर्ण झाली होती. जूनपासून तो बदनापूरच्या इंग्लिश शाळेत नर्सरीला जायचा. सकाळी पिवळी व्हॅन गावात यायची, टाय लावलेली सात-आठ लेकरं घेऊन जायची. दर शुक्रवारी मॅडम मोबाईलच्या ग्रुपवर सगळ्यांच्या वह्यांचे फोटो टाकायच्या. माऊलीच्या फोटोखाली कायम एकच असायचं : रायटिंग फार वीक, घरी सराव घ्या. मग शिवकन्या रोज संध्याकाळी त्याला बसवायची. त्याची मूठ आपल्या मुठीत घ्यायची आणि पान भरायची. दुसऱ्या दिवशी वहीवर 'गुड' यायचं. ते 'गुड' कोणाचं हे तिला ठाऊक होतं. मॅडमलाही ठाऊक असणार.

दुसऱ्या दिवशी व्हॅनचा भोंगा वाजला तेव्हा ती एकटीच बाहेर गेली.

"आज न्हाई यायचा माऊली. उद्याबी न्हाई," ती ड्रायव्हरला म्हणाली.

"कामून? बीमार हाय का?"

"न्हाई. बरा राहावा म्हणूनच न्हाई पाठवायचा."

ड्रायव्हरला काही कळलं नाही. व्हॅनमधली लेकरं काचेतून बघत होती. शिवकन्या दारात उभी राहिली ती व्हॅन वळून दिसेनाशी होईपर्यंत. आपण काय केलं हे तिला तेव्हा उमगलं. पण आत जाऊन फोन करावा, चुकलं म्हणावं, असं एकदाही वाटलं नाही.

तिचा नवरा गोरक्षनाथ जालन्याला एका बियाणं कंपनीच्या गोदामात कामाला होता. सकाळी बदनापूरला मोटारसायकल लावून पॅसेंजर धरायचा आणि दिवेलागणीला परत यायचा. त्याचे वडील मेंढरं घेऊन जाफराबादच्या माळावरून थेट गोदाकाठापर्यंत जायचे. गोरक्षनाथची शाळा त्या वाटेवरच सुटत गेली, कुठं तीन महिने, कुठं सहा. गोदामात पोत्यांवरचे इंग्रजी शिक्के त्याला चित्रासारखे ओळखून घ्यावे लागायचे. आपल्या पोरावर ही पाळी येऊ द्यायची नाही, हे त्यानं माऊली पाळण्यात होता तेव्हाच ठरवलं होतं. म्हणून टाय, म्हणून बूट, म्हणून ती व्हॅन.

"तू शाळा बंद केली?" त्यानं जेवता जेवता विचारलं. ग्रुपवर त्याला कळलं होतं. "कोणाला इचारून?"

"माऊलीला इचारून," शिवकन्या म्हणाली.

त्यानं घास ताटात ठेवला. तिनं काल संध्याकाळचं सगळं सांगितलं. फटके, लाल मनगट, मोटारीचा पट्टा. त्यानं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "लेकरं नाटकं करतेत. आपण भुललो की झालं. त्याच्या बरुबरचे पोरं पन्नासपर्यंत लिहून राह्यले."

"त्यांच्या मायांचे हात लिहून राह्यले. मला इचारा."

"मंग काय करायचं ठरवलं तू?"

"अंगणवाडीत घालते."

गोरक्षनाथ हसला. कडवट हसू होतं ते. "खिचडी खायला?"

खरं म्हणजे शिवकन्यालाही अंगणवाडी म्हणजे खिचडीच वाटायची. गावातल्या ज्यांना व्हॅन जमत नाही त्यांची लेकरं तिथं जातात, एवढंच. पण सेविका वंदनाताई तिच्या ओळखीच्या होत्या. सकाळी माऊलीला घेऊन ती गेली आणि सोबत ती चार रेघांची वहीही नेली.

वंदनाताईंनी वही हातात घेतली, उघडली नाही, खिडकीत ठेवून दिली. ओल्या गोणपाटाखाली मातीचा गोळा झाकलेला होता, त्यातला लिंबाएवढा तुकडा काढून माऊलीला दिला.

"ह्याचा साप कर बरं."

माऊलीनं माती फरशीवर ठेवून तळहातानं दाबली. ती पोळीसारखी चपटी झाली. पुन्हा गोळा केला, पुन्हा वळायला गेला. साप मधूनच तुटला. थोड्या वेळानं त्यानं बोटं झटकली आणि कोपरापासून अख्खा हात लावून माती रेटायला लागला.

"बघितलं का?" वंदनाताई हळू आवाजात शिवकन्याला म्हणाल्या. "बोटं थकली की तो खांद्यातून जोर लावतो. पेन्सिल मुठीत धरून कागद फाडतो ते ह्याच्यामुळं. आळशी न्हाई तो. त्याच्या बोटांत जोर यायचाय अजून."

"म्हणजे काही दोष हाये का हातात?"

"बिलकुल न्हाई. चार वर्षाचा हात असाच असतो. पहिल्यांदा खांदा वळणावर येतो, मंग कोपर, मंग मनगट, बोटं सगळ्यात शेवटी. कोणाचे जल्दी येतेत, कोणाचे उशिरा. आपण शेवटचं काम पहिल्यांदा मागून राह्यलो त्याला."

"मंग लिहायचं कधी?"

"पहिलीत बसल्यावर. सहा वर्षाचा झाला की. तोवर मातीत, वाळूत, भिंतीवर हात चालू द्यायचा. उभी रेघ, आडवी रेघ, गोल, अधिकची फुली. तिरपी रेघ उशिरा येती, तिच्यासाठी मागं लागायचं न्हाई. हे सगळं हातात बसलं की अक्षर म्हणजे त्याच रेघांची जोडणी. 'ग' असू दे का 'A' असू दे."

भिंतीला खालून लेकरांच्या उंचीएवढा काळा पट्टा रंगवलेला होता. दोन पोरी तिथं उभ्या राहून खडूनं मोठमोठे गोल काढत होत्या, इतके मोठे की एक गोल पुरा करायला त्यांना पाय हलवावे लागत होते. माऊली मातीचे हात तसेच घेऊन तिकडं बघत बसला.

वंदनाताई पुढं म्हणाल्या ते मात्र शिवकन्याला अनपेक्षित होतं. "पण तुला खरं सांगते, माझ्याच्यानं हे रोज होत न्हाई. वजनं घ्या, मोबाईलमध्ये भरा, फोटो टाका, ह्यातच दुपार होती. त्याला रोज हात चालवायला मिळाला पाहिजे. घरी तू कर. सकाळी इथं येऊ दे, संध्याकाळचं तू बघ."

शिवकन्याला माहेरहून आलेली एक मोठी स्टीलची परात होती. ती तिनं माळ्यावरून काढली. दुधना नदीच्या पात्रातून पाटीभर वाळू आणली, चाळली, पाणी नितळ येईपर्यंत धुतली, अंगणात वाळवली, उरलेले खडे वेचले. परातीत पातळ थर दिला. पण स्टील चमकत होतं आणि रेघ नीट दिसत नव्हती. मग तिनं बियाण्याच्या रिकाम्या पिशवीचा निळा कागद गोल कापून तळाला घातला आणि वर नखभर जाडीची वाळू पसरली. बोट फिरवलं की खालून निळी रेघ उघडी पडायची.

माऊलीनं पहिल्यांदा बोट लावलं आणि लगेच मागं घेतलं. निळा ठिपका उमटला होता. त्यानं परात दोन्ही हातांनी धरून हलवली. ठिपका गेला. तो वाकून बघू लागला. शाळेत खोडरबरनं खोडलं की काळा डाग राहायचा आणि तो डाग मॅडमला दिसायचा. इथं काहीच राहिलं नव्हतं. त्यानं परत ठिपका केला, परत हलवून घालवला. त्या संध्याकाळी त्यानं एकही रेघ काढली नाही. नुसतं उमटवलं आणि घालवलं. शिवकन्या शेजारी मेथी निवडत बसली होती. तिच्या जिभेवर दहा वेळा आलं, आता रेघ काढ, उभी काढ. पण प्रत्येक वेळी तिनं मेथीची पुढची काडी उचलली.

मग हळूहळू रेघा आल्या. वरून खाली ओढलेल्या रेघा म्हणजे पाऊस. डावीकडून उजवीकडं म्हणजे जालन्याचा रस्ता. गोल म्हणजे भाकर. एकदा गोल नीट मिटत नव्हता तेव्हा शिवकन्यानं सवयीनं त्याचं बोट धरलं. माऊलीचं सगळं अंग ताठ झालं.  तिनं झटकन हात सोडला. परातीच्या दुसऱ्या कडेला स्वतःची एक भाकर काढली, सावकाश. माऊलीनं तिची भाकर बघितली. मग आपली पुसून नवी काढली. ती मिटली.

सासूबाईंना हे बिलकुल पटलं नव्हतं. आसराबाईंचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. आता वाडग्यात थोडीच मेंढरं उरली होती, पण पहाटे उठून त्यांच्यात जायची सवय काही सुटली नव्हती. "आमचं आयुष्य मातीतच गेलं," त्या म्हणायच्या. "लेकराला पाटीवर बसवायचं सोडून पुन्हा मातीत कामून बसवती?"

"पाटीवर बसायलाच मातीत बसवून राह्यले, आत्या."

"तू अन् तुझी ती वंदना," म्हणून त्या उठून जायच्या.

व्हॅनमधून पोरं जाताना हाका मारायची, माऊली शाळेत ये. शेजारच्या नंदाबाई पाण्याला आल्या की मुद्दाम विचारायच्या, "काय गं, कुठवर आली मातीची शाळा?" शिवकन्या म्हणायची, "गोलापर्यंत आली." आणि हंडा उचलून चालू लागायची.

दिवाळी झाली आणि शाळेतून गोरक्षनाथला फोन आला. पोरगा आजारी आहे असं त्यानं शाळेला सांगून ठेवलं होतं, हे शिवकन्याला तेव्हा कळलं. प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या होत्या, एकदा मुलाला घेऊन या, जरा लिहून घेऊ. कॅपिटल, स्मॉल आणि पन्नासपर्यंत आकडे आले तर पुढच्या वर्षीची जागा पक्की. नाहीतर वाट बघणारे पुष्कळ आहेत.

त्या दिवशी गोरक्षनाथ घरी आला तेव्हा माऊली ओसरीत परातीवर वाकून नागमोडी रेघ काढत होता. जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आलेली. बाप आल्याचंही त्याला कळलं नाही.

"अजून रेघाच?" गोरक्षनाथ म्हणाला. "दोन महिने झाले. लोकांचे पोरं कुठं गेले, अन् हा अजून रेघाच काढून राह्यला?"

त्यानं परात उचलली आणि अंगणात उपडी केली. निळा कागद उडून तुळशीपाशी पडला.

माऊली रडला नाही. त्यानं बापाकडं बघितलं, मग वाळूकडं, मग हात मांडीखाली दडवून बसला.

शिवकन्या स्वयंपाकघरातून आली. तिनं नवऱ्याच्या हातातून परात काढून घेतली. अंगणात बसून ओंजळीनं वाळू गोळा केली, चाळणी आणून त्याच्यासमोर चाळली, काड्या-कचरा वेचला, निळा कागद पुसला, तळाला घातला, वाळू पसरली आणि परात माऊलीपुढं जिथं होती तिथंच ठेवली. ह्या सगळ्याला चांगला वेळ लागला. तोवर गोरक्षनाथ उभाच होता. बुटाची लेससुद्धा त्यानं सोडली नव्हती.

"किती बार सांडायची तितक्या बार सांडा," ती म्हणाली. "मी तितक्या बार भरीन. पण माझ्या लेकराचा हात धरून मी आता एक अक्षर लिहिणार न्हाई."

"मी काय त्याचा दुश्मन हाये का?" गोरक्षनाथचा आवाज चढला. "गोदामात माझं काय होतं ते तुला ठाऊक हाये? कालचं आलेलं पोरगं पोतं वाचून सांगतं मला."

"ठाऊक हाये. तुम्हाला कोणी नीट शिकवलंच न्हाई, ते दुःख हाये. पण ते ह्याच्या बोटांवर कामून काढता?"

वाडग्याच्या बाजूनं आसराबाई येऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. त्या मुलाला रागावतील की सुनेला, कोणालाच अंदाज नव्हता. त्या खाली बसल्या आणि आपला उजवा हात बघत बोलू लागल्या.

"बचत गटाचं खातं उघडायचं होतं तवा मला ब्यांकेत नेल्तं. अंगठा चालत न्हाई म्हणले, सही पाहिजे. मला येती कुठं सही? तर तिथल्या एका पोरानं माझी मूठ धरली अन् भराभर ओढली कागदावर. झाली म्हणला सही. मंग तीच पाठ करा म्हणला. म्या पाठ केली. आजबी करते. पण काय लिहिलंय ते मला वाचता येत न्हाई, अन् ती माझी हाये असं मला एकदाबी वाटलं न्हाई." त्यांनी गोरक्षनाथकडं बघितलं. "लेकराचा हात नको धरू कोणी. करू दे त्याचं त्याला."

गोरक्षनाथनं बूट काढले आणि आत जाऊन पडला. जेवायला उठला नाही.

दुसऱ्या दिवशी आसराबाईंनी तळ्याकाठची काळी माती आणली. नुसती काळी माती वाळली की तडकते, म्हणून त्यात पिंजलेला कापूस घालून दगडी उखळात कुटली, पोळ्याचे बैल करायला कुटतात तशी. कुटायला माऊलीला बसवलं. मग दोघं मेंढरं करत बसले. त्या पाय वळून द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, तुझ्या मेंढराला तूच उभं कर. पहिली मेंढरं बसकीच झाली. चिमटीत माती धरून शेपूट ओढायची, काडीनं डोळे टोचायचे, लोकरीसाठी बोटांच्या टोकांनी दाब द्यायचा, ह्यात त्याची दुपार जायची.

पण शाळेत जायचंच, असं गोरक्षनाथनं ठरवलं होतं. "एकदा बघू दे त्यांना," एवढंच म्हणाला. शिवकन्या म्हणाली, "मीबी येते."

प्रिन्सिपल मॅडमच्या खोलीत काचेचं टेबल होतं. मॅडम बोलायला वाईट नव्हत्या. त्यांनी माऊलीला चॉकलेट दिलं, उंच खुर्चीवर बसवलं. त्याचे पाय खाली टेकत नव्हते, लोंबकळत होते. समोर ठिपक्यांच्या अक्षरांचा कागद ठेवला आणि बारीक पेन्सिल दिली.

माऊलीनं कागद बघितला. पेन्सिल बोटांत धरली, मुठीत नाही. शिवकन्यानं ते पाहिलं. गोरक्षनाथनंही पाहिलं असावं. माऊलीनं ठिपक्यांकडं दुर्लक्ष केलं आणि कागदाच्या मधोमध एक मोठा गोल सुरू केला. गोल कागदात मावला नाही. पेन्सिल काचेवरून फिरून परत कागदावर आली आणि गोल मिटला. मग त्यानं त्याला चार उभे पाय काढले.

"हे काय आहे, बेटा?"

"मेंढरू."

"छान. आता हे बघ, ह्या ठिपक्यांवरून जायचं. ए." मॅडम उठून त्याच्या मागं आल्या, वाकल्या आणि त्याची मूठ आपल्या हातात घेतली.

माऊलीनं हात ओढून घेतला. ओरडला नाही, रुसला नाही. मान वर करून मॅडमना सांगितलं, "सोडा. हा माझा हात हाये."

 मॅडम सरळ झाल्या आणि गोरक्षनाथकडं वळल्या. "बघा, असं आहे. ह्याच्या वर्गातली मुलं आता शब्द लिहितात. हा फार मागं पडेल."

"कशाच्या मागं?" शिवकन्यानं विचारलं.

"म्हणजे?"

"तो चार वर्षाचा हाये, मॅडम. त्याला गोल मिटवता येतो, अधिकची फुली काढता येती, मातीचं जनावर चार पायांवर उभं करता येतं. शर्टाच्या गुंड्या आता तो स्वतः लावतो. तो कोणाच्याच मागं न्हाई. ह्या कागदाच्या मागं असंल तर असू दे."

मॅडम खुर्चीत बसल्या. थकल्यासारख्या वाटल्या. "ताई, मलापण कळतं हे. मी शिकलेय हे सगळं. पण वहीत लिहिलेलं दिसलं नाही तर पालक मुलं काढून दुसरीकडं घालतात. वर्गात वाळू ठेवली तर उद्या तुमच्यासारखेच येऊन विचारतील, फी मातीत खेळायची घेता का."

"माझ्यासारखे न्हाई विचारणार," शिवकन्या म्हणाली. "तुम्हाला कळतं, मला कळतं, अन् सोसायचं मात्र लेकरानं. जागा द्या तुम्ही ज्याला द्यायची त्याला. आम्हाला नको."

तिनं माऊलीला खुर्चीवरून उतरवलं. मेंढराचा कागद त्यानं स्वतः उचलला. गोरक्षनाथ अजून बसलेला होता. तो काही बोलेल असं मॅडमना वाटत होतं, तिलाही वाटत होतं. तो उठला, मॅडमना नमस्कार केला आणि मागोमाग बाहेर आला.

 त्यानंतर बरेच दिवस तो कामापुरतंच बोलायचा. जागा गेली होती. फी परत मिळाली नाही. शिवकन्याला रात्री झोप लागायची नाही कधीकधी. आपलं चुकलं असेल तर, पोरगा खरंच मागं राहिला तर, असं मनात यायचं. वंदनाताईंना तिनं एकदा तसं विचारलं. त्या म्हणाल्या, "मी काय सही करून देऊ का तुला? पोरगा आवडीनं येतो, आवडीनं हात चालवतो. एवढंच मला दिसतं." शिवकन्याला ते पुरलं नाही, पण त्यात खोटं काही नव्हतं. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याला घेऊन गेली.

थंडीत वाडग्याच्या भिंतीला आसराबाईंनी चुना मारला आणि ती माऊलीला देऊन टाकली. पाण्यात गेरू कालवला, जुना रंगाचा ब्रश दिला. कागदावर मावत नव्हतं ते आता भिंतीवर मावायला लागलं. तो टाचा उंचावून वरपासून खालपर्यंत रेघ ओढायचा, भिंतीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत पळत लांब लाटा काढायचा. अंगावर गेरू सांडायचा. दंड दुखायचे, तेव्हा बसून घ्यायचा, पुन्हा उठायचा. मेंढरांचा कळप तयार झाला. कळपापुढं काठीवाला माणूस झाला.

एका रविवारी गोरक्षनाथ वाडग्यात चारा टाकत होता. माऊली भिंतीपाशी अडून उभा होता.

"पप्पा, मला वर घ्या. आभाळ काढायचंय."

गोरक्षनाथनं पेंढी खाली ठेवली आणि त्याला खांद्यावर घेतलं. माऊलीनं ब्रश बुडवला आणि डावीकडून सुरुवात केली. "चला," तो म्हणाला. गोरक्षनाथ सरकू लागला. "सावकाश. आता थोडं वर. आता खाली." पोरगा वरून सांगत होता आणि बाप पाय टाकत होता. गेरूचे थेंब गोरक्षनाथच्या कपाळावरून नाकावर ओघळत होते. कळपाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक मोठी कमान झाली, कुठंही न तुटता. शिवकन्या दारातून बघत होती. ती पुढं गेली नाही.

"हा माणूस कोण हाये?" गोरक्षनाथनं काठीवाल्याकडं बोट करून विचारलं.

"आबा. तुम्हीच सांगितलं न्हाई का, ते मेंढरं घेऊन लांब जायचे."

गोरक्षनाथनं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. बाही लाल झाली. तोच शर्ट घालून तो मग संध्याकाळपर्यंत गावात फिरला.

उन्हाळ्यात अंबडला गोरक्षनाथच्या मावसभावाचं लग्न होतं. जेवणाच्या पंगती चालू होत्या. बायकांच्या बाजूला शिवकन्या वाढत होती. मांडवाच्या पलीकडं गोरक्षनाथचे मामा साहेबराव बसले होते. ते तालुक्याच्या कोर्टात कारकून होते आणि सगळ्या नातेवाइकांच्या लेकरांची परीक्षा घ्यायची त्यांना खोड होती. एका पोरीकडून त्यांनी पाढे पाठ म्हणवून घेतले, एका पोराला पेन देऊन पत्रावळीवर स्पेलिंग लिहायला लावलं. मग माऊलीला पुढं ओढलं.

"ह्याला कोणत्या शाळेत घातला, गोरख?"

"अंगणवाडीत."

आजूबाजूचे दोन-तीन जण हसले. साहेबरावांनी माऊलीच्या हातात पेन दिलं. "बरं, नाव तरी लिहून दाखव."

शिवकन्याच्या हातातलं वरणाचं भांडं तसंच राहिलं. तिनं जायला पाऊल उचललं होतं.

"न्हाई येत त्याला," गोरक्षनाथ म्हणाला. चांगल्या मोठ्या आवाजात, मांडवातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. "चार वर्षाचा हाये तो, मामा. पुढल्या साली येईल, न्हाईतर त्याच्या पुढल्या साली. दाढ येते तवा तिला कोणी इचारायला जातं का, अजून कामून न्हाई आली म्हणून?"

"अरे पण जगाच्या बरुबर चालायला नको का?"

"जग चालू द्या. आम्ही आमच्या चालीनं येऊन राह्यलो." त्यानं पोराच्या हातातलं पेन काढून मामाच्या खिशाला लावून दिलं. "जा माऊली, जेवून घे."

माऊली पळत आला आणि बायकांच्या पंगतीत आईपाशी बसला. बुंदीची मूठ भरली, मग विचार बदलला, मूठ सोडली आणि चिमटीनं एकेक कळी उचलून खाऊ लागला. पलीकडं साहेबराव अजून काही समजावून सांगत होते. गोरक्षनाथ मान हलवत नव्हता.

शिवकन्यानं पदर खोचला आणि पुढच्या पानावर वरण वाढलं.